आठव्या महिन्यातली तळहात-तळपायांची खाज: मलमाच्या आधी रक्त

प्रश्न: मला ३३वा आठवडा सुरू आहे. गेले आठ-दहा दिवस तळहात आणि तळपायांना भयंकर खाज सुटते, रात्री तर डोळ्याला डोळा लागत नाही. अंगावर पुरळ कुठेच नाही. घरचे म्हणतात, शेवटच्या महिन्यांत कातडी ताणली जाते, होतंच असं. लिव्हरची रक्ततपासणी केली ती नॉर्मल आली. मग मलम लावून वाट पाहू, की अजून काही तपासायचं असतं?

उत्तर: वाट पाहू नका. तुमच्या रिपोर्टच्या कागदावर ‘बाइल ॲसिड्स’ असं लिहिलेली ओळ आहे का, ते आधी बघा. बहुधा नसेल, कारण नेहमीच्या लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये ती तपासणी नसते. ती वेगळी सांगावी लागते. उद्या-परवाच तुमच्या प्रसूतितज्ज्ञांकडे जा आणि ‘खाज तळहात-तळपायांना आहे, रात्री वाढते, पुरळ नाही’ हे तीन मुद्दे याच शब्दांत सांगा. हे ऐकल्यावर आमच्या मनात पहिली शंका येते ती गरोदरपणातल्या कोलेस्टॅसिसची. आम्ही त्याला बोलताना आयसीपी म्हणतो.

पोटाची कातडी ताणल्याची खाज असते, ते खरं आहे. पण ती पोटावर, मांड्यांवर, छातीवर असते, म्हणजे जिथे ताण पडतो तिथे. तळहात आणि तळपाय गरोदरपणात ताणले जात नाहीत, त्यामुळे तिथल्या खाजेला हे कारण लागू पडत नाही. कोलेस्टॅसिसमध्ये खाज पुढे हातापायांवर, पोटावर, सगळ्या अंगावर पसरू शकते, पण पुष्कळ जणींमध्ये सुरुवात तळव्यांपासूनच होते. अशी बाई समोर बसली की मी आधी तिची त्वचा नीट बघते. खाजवून उठलेले लाल ओरखडे दिसतात, कुठे वाळलेल्या रक्ताचे बारीक ठिपके दिसतात, पण मुळात उठलेलं असं काही दिसत नाही. बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल आणि घरात इतरांनाही खाजत असेल तर ती खरूज. पोटावरच्या ताणाच्या रेषांमध्ये लाल चट्टे उठले असतील तर ते वेगळं, त्रासदायक पण बाळाला निरुपद्रवी दुखणं. बेंबीभोवती चट्टे उठून फोड यायला लागले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावंच लागतं. आणि ओरखड्यांशिवाय काहीच नसेल तर नजर यकृताकडे वळते.

यकृत पित्त तयार करतं आणि बारीक नलिकांमधून ते आतड्यात सोडतं. या पित्तातला महत्त्वाचा घटक म्हणजे बाइल ॲसिड्स, मराठीत पित्ताम्लं. यकृताच्या पेशींमधून ती नलिकेत ढकलण्यासाठी पेशीच्या भिंतीवर एक प्रकारचे पंप असतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनशी संबंधित द्रव्यं रक्तात प्रचंड वाढतात आणि काही स्त्रियांमध्ये हे पंप त्यांच्या दडपणाखाली मंदावतात. अशा काही जणींच्या पंपांची मुळातली घडणच आनुवंशिकतेने थोडी कच्ची असते, म्हणून हे दुखणं आई-मुलीत, बहिणी-बहिणींत दिसतं. पित्ताम्लं नलिकेत जायच्या ऐवजी रक्तात साठतात. खाज नेमकी कोणत्या द्रव्यामुळे सुटते, ते मात्र केवळ पित्ताम्लांवर ढकलता येत नाही. खाज किती आहे आणि रक्तातला आकडा किती आहे यांचा मेळ बसत नाही. रात्रभर तळमळणाऱ्या बाईचा आकडा थोडासाच वाढलेला निघतो, आणि ‘बरीच कमी आहे हो आता’ म्हणणारीचा शंभरीजवळ. खाजेवरून धोक्याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणूनच रक्त तपासावं लागतं.

इथे आपल्या भाषेतला एक घोळ सांगते, कारण त्यापायी दिवस वाया गेलेले मी पाहिले आहेत. आपण ‘पित्त झालं’ म्हणतो ते आंबट ढेकर आणि जळजळ यांना, आणि ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणतो ते गांधी उठल्यावर. डॉक्टरांनी ‘पित्ताशी संबंधित आहे’ एवढंच म्हटलं की घरी ॲसिडिटीची गोळी नाहीतर ॲलर्जीची गोळी सुरू होते. या दुखण्यातलं पित्त या दोन्हींपैकी नाही. ते यकृतातून वाहून न गेलेलं पित्त आहे, आणि जळजळीच्या गोळीने त्याला काहीही होत नाही.

आता तुमच्या नॉर्मल रिपोर्टबद्दल. लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये एसजीपीटी आणि एसजीओटी ही एन्झाइम्स असतात, बिलिरुबिन असतं, अल्कलाइन फॉस्फटेज असतं. कोलेस्टॅसिसमध्ये एसजीपीटी बऱ्याचदा वाढतं, पण नेहमी नाही, आणि कधी पित्ताम्लं वाढल्यावर काही दिवसांनी वाढतं. बिलिरुबिन बहुतेकींचं नॉर्मलच राहतं. म्हणून ‘डोळे पिवळे नाहीत, म्हणजे लिव्हर ठीक आहे’ हा हिशेब चुकतो. कोलेस्टॅसिस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना कावीळ कधीच दिसत नाही. अल्कलाइन फॉस्फटेज याच्या उलट फसवतं. ते वारेतूनही तयार होतं, त्यामुळे शेवटच्या तिमाहीत निरोगी गरोदर स्त्रीच्या रिपोर्टवरही ते ठळक अक्षरात ‘हाय’ छापून येतं. त्यावरून घाबरायचंही नसतं आणि निदानही करायचं नसतं.

पित्ताम्लांच्या तपासणीसाठी उपाशी राहायची गरज नाही. जेवणानंतर पित्ताम्लं थोडी वर जातात, आणि बाळाच्या दृष्टीने तो वरचा आकडाच कामाचा आहे. २०२२ साली आलेल्या ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, उपाशी नसताना घेतलेल्या रक्तात १९ मायक्रोमोल प्रति लिटर किंवा त्याहून जास्त असेल तर कोलेस्टॅसिस धरावा असं म्हटलं आहे. काही लॅब अजून १० ही मर्यादा छापतात, म्हणून १२ किंवा १४ आकड्यापुढे बाण दिसला तरी तो लगेच आजार ठरत नाही. आणखी एक सांगते. लहान लॅब हा नमुना दुसरीकडे पाठवतात आणि रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. रक्त देतानाच ‘रिपोर्ट कधी मिळेल’ ते विचारा आणि त्या दिवशी स्वतः मागून घ्या.

पहिली तपासणी नॉर्मल आली तरी विषय संपत नाही. खाज आधी येते आणि रक्त मागून बदलतं, कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी. नवी होते तेव्हा मी स्वतः एका बाईला नॉर्मल रिपोर्ट हातात देऊन ‘काळजी करू नका’ म्हणून घरी पाठवलं होतं आणि पुन्हा रक्त तपासायला बोलावलं नव्हतं. ती तीन आठवड्यांनी डोळ्यांत पिवळेपणा घेऊन आली. बाळ सुखरूप होतं, पण तेव्हापासून खाज सुरू असलेल्या कोणत्याही गरोदर बाईला मी पुढची तारीख कागदावर लिहून दिल्याशिवाय उठू देत नाही. खाज चालू असेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त, असा साधा नियम आहे.

हे प्रत्यक्षात कसं घडतं, ते एका शिक्षिकेच्या उदाहरणावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ती ३३ आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी आली. सोबत तिची आई होती. बोलताना ती चप्पल काढून पाय फरशीवर घासत होती, थांबवलं तरी पाय आपोआप पुन्हा घासला जायचा. नखांचे पृष्ठभाग खाजवून खाजवून घोटल्यासारखे चकाकत होते. अंगावर पुरळ नव्हती. आम्ही दोन्ही तपासण्या केल्या. एसजीपीटी २८, पित्ताम्लं ११. म्हणजे काहीच नाही. तेवढ्यात तिची आई सहज म्हणाली, ‘हिच्या वेळी मलाही असंच व्हायचं, बाळंतीण झाले आणि चार दिवसांत गेलं.’ हे वाक्य माझ्या दृष्टीने त्या दिवशीच्या रिपोर्टइतकंच मोलाचं होतं. दहा दिवसांनी यायची तारीख दिली.

३४ आठवडे ३ दिवसांना एसजीपीटी ३४, अजून नॉर्मल. पित्ताम्लं मात्र ४६. त्या दिवशी फक्त लिव्हर फंक्शन टेस्ट केली असती तर दुसऱ्यांदाही ‘सगळं ठीक’ म्हणून ती घरी गेली असती. तिला अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या. ३५ आठवडे ३ दिवसांना एसजीपीटी ९६, पित्ताम्लं ७१. ३६ आठवडे २ दिवसांना एसजीपीटी १६०, पित्ताम्लं ११८.

हा ११८ वाचताना एक अडचण होती. अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड हे स्वतःच एक पित्ताम्ल आहे, आणि नेहमीच्या तपासणीत शरीराची पित्ताम्लं आणि गोळीतलं पित्ताम्ल एकत्रच मोजली जातात. म्हणजे त्यातला काही भाग गोळीचा असणार. किती, ते त्या रिपोर्टवरून कळत नाही. म्हणूनच निदानासाठीचं रक्त पहिली गोळी घेण्याआधी काढलेलं असावं, असा माझा आग्रह असतो. तिच्याकडे तो आधीचा ४६ होता, एसजीपीटी पाचपटीने चढलं होतं आणि खाज गोळ्या घेऊनही वाढतच होती. आकड्यातला गोळीचा वाटा मनातल्या मनात वजा करून थांबण्यात मला धोका दिसला. दुसऱ्या दिवशी कळा सुरू करायचं औषध दिलं. गर्भजलात बाळाची शी मिसळून ते हिरवट झालेलं होतं, या आजारात तसं जास्त वेळा आढळतं. मुलगी २ किलो ६०० ग्रॅमची, जन्मताच रडली. चौथ्या दिवशी आईची खाज गेली, सहा आठवड्यांनी एसजीपीटी २४.

एवढी घाई कशासाठी, कारण आईचं यकृत तर बाळंतपणानंतर पूर्ववत होतंच? घाई बाळासाठी असते. फार वाढलेल्या पित्ताम्लांचा परिणाम बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर आणि वारेतल्या रक्तवाहिन्यांवर होतो असं मानलं जातं, आणि बाळ पोटात अचानक दगावू शकतं. २०१९मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ५ हजारांहून अधिक कोलेस्टॅसिसग्रस्त स्त्रियांची माहिती एकत्र करून मांडली गेली. पित्ताम्लं ४० च्या खाली असलेल्यांमध्ये पोटातल्या मृत्यूचं प्रमाण ०.१३ टक्के होतं, ४० ते ९९ मध्ये ०.२८ टक्के, आणि १०० किंवा वर गेल्यावर एकदम ३.४४ टक्के. पहिल्या दोन गटांचा धोका सर्वसाधारण गरोदर स्त्रियांच्या आसपासच आहे. खरी उडी शंभरीवर आहे. या माहितीचा आम्हाला दोन्ही बाजूंनी उपयोग झाला. शंभरीवरच्या बाळांना आम्ही आता नीट ओळखून वेळेत बाहेर काढतो, आणि २५ आकडा असलेल्या बाईचं बाळंतपण भीतीपोटी महिनाभर आधी उरकत नाही.

त्याच ब्रिटिश सूचनांनुसार, १९ ते ३९ असेल तर ४० आठवड्यांपर्यंत, ४० ते ९९ असेल तर ३८ ते ३९ आठवड्यांना, आणि १०० च्या वर असेल तर ३५ ते ३६ आठवड्यांना प्रसूतीचा विचार करतात. अमेरिकन तज्ज्ञ शंभरीवर ३६व्या आठवड्याला आणि त्याखाली ३६ ते ३९ च्या दरम्यान सांगतात. जुळी असतील, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर तारीख अलीकडे येते. धरायचा तो आतापर्यंतचा सगळ्यात वरचा आकडा. नंतर तो उतरला तरी तुमच्या डॉक्टरांनी आधीचा विसरू नये, म्हणून सगळे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा. कळा सुरू करून नैसर्गिक प्रसूती करता येते. केवळ कोलेस्टॅसिस आहे म्हणून सिझेरियन करावं लागत नाही.

‘मग रोज सोनोग्राफी करून बाळावर लक्ष ठेवू ना’, हे मला हमखास विचारलं जातं. दुर्दैवाने इथे ते पुरेसं ठरत नाही. बाळाची वाढ चांगली असते, पाणी भरपूर असतं, ठोक्यांची पट्टी उत्तम येते, आणि तरीही पुढच्या दिवसांत काय होईल याची हमी त्यातून मिळत नाही, कारण इथे बाळ हळूहळू खंगत नाही. त्या तपासण्या आम्ही करतो, पण तारीख ठरवतो ती रक्तातल्या आकड्यावर. बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठायचा.

औषधाबद्दल खरं ते सांगते. अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड आम्ही वर्षानुवर्षं भरवशाने देत आलो. २०१९मध्येच ब्रिटनमधल्या ६०५ स्त्रियांवर केलेल्या मोठ्या चाचणीत निम्म्या जणींना हे औषध आणि निम्म्यांना औषध नसलेली तशीच गोळी दिली गेली. बाळांच्या तब्येतीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. खाज थोडी कमी झाली, पण ती इतकी थोडी की अनेकींना जाणवणारही नाही. मी अजूनही ते खाजेसाठी देऊन पाहते, काहींना आराम पडतो. पण ‘गोळी सुरू आहे, आता बाळ सुरक्षित’ असं मी म्हणत नाही, आणि गोळी सुरू आहे म्हणून पुढची रक्ततपासणी सोडू देत नाही. मेंथॉल घातलेलं साधं क्रीम, गार पाण्यात पाय बुडवून बसणं, झोपायची खोली थंड ठेवणं, यांनी रात्र थोडी सुसह्य होते. ॲलर्जीच्या गोळीने झोप येते, खाजेचं कारण जात नाही. तीही डॉक्टरांना विचारूनच घ्या. शौचाला फिकट, तेलकट होत असेल तर तेही सांगा. पित्त आतड्यात कमी पोचलं की व्हिटॅमिन के नीट शोषलं जात नाही आणि बाळंतपणात रक्तस्राव जास्त होऊ शकतो. अशा वेळी रक्त गोठण्याची तपासणी करून ते व्हिटॅमिन देता येतं.

एसजीपीटी वाढलेलं आढळलं तर डॉक्टर कावीळीच्या विषाणूंच्या तपासण्या आणि रक्तदाब हेही बघतील, आणि ते बघायलाच हवं. खाजेबरोबर उलट्या, ताप, बरगड्यांखाली उजव्या बाजूला दुखणं, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा गुंगी यातलं काही असेल तर हा साधा कोलेस्टॅसिस नाही असं धरून तातडीने दाखल व्हा. त्या आजारांत बाळाइतकाच आईच्या जिवालाही धोका असतो.

बाळंतपणानंतर खाज काही दिवसांत जाते. चार ते सहा आठवड्यांनी लिव्हरची तपासणी आणि पित्ताम्लं पुन्हा करून ती नॉर्मल झाल्याची खात्री करा. तोवर बाळाच्या धावपळीत हे राहून जातं, म्हणून लसीकरणाच्या फेरीलाच ते रक्त देऊन टाका. तेव्हाही आकडे वर असतील तर यकृताचा दुसरा काही आजार गरोदरपणामुळे उघडा पडला असू शकतो आणि पोटविकारतज्ज्ञांकडे जावं लागेल. पुढच्या खेपेला हे पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, अर्ध्याहून अधिक जणींना होतं. म्हणून पुढच्या गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत लिव्हरची तपासणी आणि पित्ताम्लं करून घ्या, म्हणजे नंतर तुलनेला आकडा हाताशी राहील. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाही या खाजेबद्दल सांगा, कारण त्या गोळ्यांनी ती परत उद्भवू शकते. आणि तुमची धाकटी बहीण पुढे कधी आई होणार असेल, तर तिच्या कानावरही हे घाला.